तिकीट न सुटताच बंद होते? वरिष्ठांना मेल लिहिताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका लहान कारखान्यात मे महिन्यात दुपारी दीड वाजला की इंटरनेट तुटू लागे आणि साडेचारच्या सुमारास आपोआप सुरळीत होई. माल घेऊन निघणारा टेम्पो फाटकाशी उभा असे आणि ई-वे बिल निघत नसे. गंगापूर रोडवर बसणाऱ्या हिशेबनीस ताई कारखान्यातल्या संगणकावरची टॅली दुरून उघडत, त्यांचे काम मध्येच अडके. अंबड आणि सातपूर भागातल्या अशा काही कारखान्यांच्या संगणकांची आणि नेटवर्कची देखभाल मी करतो, त्यामुळे इंटरनेट कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. ४ मे ते २५ मे या काळात आम्ही सात वेळा तक्रार नोंदवली, सातही वेळा तिकीट क्रमांक मिळाला आणि सातही वेळा तिकीट बंद झाले. दुपारचे इंटरनेट मात्र होते तसेच राहिले.

सातव्या तिकिटाचा 'आपली तक्रार निवारण झाली आहे' हा संदेश आला तेव्हा कारखान्याचे मालक म्हणाले, "आता थेट वरच्या साहेबांनाच लिहा, आणि चांगलं खरमरीत लिहा." त्यांच्या सांगण्यावरून रागाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा मी अजून जपून ठेवला आहे, कारण अशा मेलमध्ये ज्या चुका करू नयेत त्या बहुतेक सगळ्या त्यात आहेत. तो मसुदा पाठवला नाही. दोन दिवसांनी जो पाठवला त्याने काम झाले, आणि या दोन मसुद्यांमधला फरक हाच या लेखाचा विषय आहे.

आधी तिकीट बंद का होते ते पाहा

फोन उचलणाऱ्या प्रतिनिधीसमोर पडद्यावर प्रश्नांची ठरलेली मालिका असते. मोडेमचे दिवे कोणते लागले आहेत, बंद करून सुरू केला का, केबल लावून वेग तपासला का, असे विचारत तो शेवटी आपल्या बाजूने लाइन तपासतो. त्या क्षणी लाइन व्यवस्थित दिसली तर त्याच्यापुढे 'निवारण झाले' हाच रस्ता उरतो. दुपारी ठरावीक वेळी तंत्रज्ञ पाठवणे, तिकीट पाच दिवस उघडे ठेवणे किंवा तारेची तपासणी करवणे हे त्याच्या हातात नसते. शिवाय एका कॉलला किती वेळ लागला आणि किती तिकिटे प्रलंबित राहिली यावर त्याचे काम मोजले जाते, म्हणजे तिकीट उघडे ठेवण्यात त्याचे नुकसान आणि बंद करण्यात फायदा असतो.

आमच्या बाबतीत गंमत अशी होती की आम्ही तक्रार दुपारी नोंदवत होतो आणि कंपनीचा तपासणीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान येत होता. सकाळी लाइन अगदी ठणठणीत असे. त्यामुळे 'आमच्या बाजूने काहीच दोष नाही' हे प्रतिनिधीचे वाक्य ठरलेले असले तरी खोटे नव्हते. तो खरोखर चांगल्या लाइनकडे पाहत होता. हे लक्षात येईपर्यंत माझे पाच कॉल फुकट गेले होते, आणि हे लक्षात न घेता मेल लिहिला असता तर वरिष्ठानेही तीच सकाळची तपासणी पुन्हा करवून तेच उत्तर मला पाठवले असते.

वरिष्ठांकडे जाण्यामागचा हेतू म्हणूनच अगदी मर्यादित असतो. खालच्या पायरीला ज्याची परवानगी नाही, असा एखादा निर्णय आपल्याला वरून मिळवायचा असतो. तो निर्णय कोणता हे आपल्यालाच आधी ठरवता आले नाही, तर मेल कितीही वर गेला तरी फिरून त्याच प्रतिनिधीच्या टेबलावर येतो.

पहिली चूक : कारण आपणच ठरवून टाकणे

माझ्या पहिल्या मसुद्याचे दुसरेच वाक्य 'आपल्या निकृष्ट उपकरणांमुळे आणि क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक जोडल्यामुळे दुपारी आमची सेवा कोलमडते' असे होते. मला हे कुठून कळले होते? कुठूनच नाही. दुपारी गर्दी होत असेल, असा तो नुसता अंदाज होता. असे वाक्य लिहिले की समोरच्याला ते खोडून काढणे फार सोपे जाते. तो आपल्या विभागातल्या क्षमतेचा आलेख पाहतो, 'गर्दी नाही' असे लिहितो आणि तक्रार पुन्हा बंद करतो. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले असते, फक्त प्रश्नच चुकीचा होता.

मेलमध्ये काय दिसले, कधी दिसले आणि किती वेळा दिसले एवढेच लिहावे. त्यासाठी पुरावा लागतो आणि तो गोळा करायला महागडे साधन लागत नाही. कारखान्यातल्या विंडोजच्या एका संगणकावर, जो मोडेमला केबलने जोडलेला होता, मी पॉवरशेलमध्ये पुढील ओळी चालू ठेवल्या.

```
while ($true) {
  $t = Get-Date -Format 'dd-MM HH:mm:ss'
  $a = Test-Connection 192.168.1.1 -Count 1 -Quiet
  $b = Test-Connection 8.8.8.8 -Count 1 -Quiet
  Add-Content net.txt "$t  $a  $b"
  Start-Sleep 30
}
```

दर अर्ध्या मिनिटाच्या आसपास हा संगणक आधी आपल्या मोडेमला आणि मग बाहेरच्या जगातल्या एका पत्त्याला हाक मारतो आणि दोघांकडून उत्तर आले की नाही ते वेळेसह लिहून ठेवतो. पहिला पत्ता आपल्या मोडेमचा घालावा, तो बहुधा मोडेमच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. दोन्ही पत्ते तपासण्याचे कारण महत्त्वाचे आहे. मोडेमने उत्तर दिले आणि बाहेरच्याने दिले नाही, तर दोष कार्यालयातल्या वाय-फायचा किंवा केबलचा नाही हे एका ओळीतच सिद्ध होते, आणि 'वाय-फायपासून जवळ बसून पाहा' हे उत्तर आपोआप बाद होते. ओळ अशी दिसते :

```
20-05 14:41:36  True  False
```

१९ ते २६ मे या आठ दिवसांत सात दिवस लाइन तुटली, एकूण ११८ वेळा, आणि प्रत्येक वेळ दुपारी दीड ते साडेचारच्या आतली होती. २२ मे रोजी ती एकदाही तुटली नाही. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आले होते आणि दुपारी वळवाचा पाऊस झाला होता. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही, पण मी ते मेलमध्ये तसेच लिहिले.

फायबरचे जोडणीयंत्र असेल तर आणखी एक आकडा पाहता येतो. मोडेमच्या पानावर `Rx Power` या नावाने बाहेरून येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डीबीएममध्ये दिसते. हा आकडा ऋण असतो आणि शून्यापासून जितका दूर जाईल तितका प्रकाश क्षीण समजावा. घरगुती आणि लहान कार्यालयांच्या फायबरवर तो साधारण उणे २७ च्या पलीकडे गेला की यंत्राला अक्षर लागेनासे होते. आमच्याकडे सकाळी नऊ वाजता उणे २१.८ आणि दुपारी पावणेतीनला उणे २८.९ असा आकडा होता, आणि त्या वेळी मोडेमवरचा `LOS` चा, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश तुटल्याचा, दिवा लाल लुकलुकत होता. मोबाइलवर दोन्ही वेळचे फोटो काढून ठेवले. मोडेमचे पान कधी कधी कंपनीने कुलूपबंद केलेले असते, तसे असेल तर दिव्याचा फोटोही पुष्कळ आहे.

दुसरी चूक : प्रतिनिधीवर राग काढणे

पहिल्या मसुद्यात मी दोन प्रतिनिधींची नावे लिहून त्यांना 'पोपट' म्हटले होते. हे वाचणारा वरिष्ठ सर्वप्रथम काय करतो, तर आपल्या माणसाची बाजू ऐकतो, कॉलचे ध्वनिमुद्रण काढतो, आणि प्रतिनिधी नम्रपणे बोलला होता व त्याने सर्व पायऱ्या पाळल्या होत्या असे त्याला आढळते. तिथे तुमची तक्रार निराधार ठरते, कारण तुम्ही तक्रार माणसाविरुद्ध केली होती. इंटरनेट तुटण्याचा विषय बाजूलाच राहतो.

नाव न घेता पद्धत दाखवावी. आमच्या सात तिकिटांचा हिशेब मांडला तेव्हा ती आपोआप दिसली. चार तिकिटे 'लाइन तपासली, दोष नाही' म्हणून बंद झाली होती आणि चारही वेळा तपासणीचा फोन दुपारी बाराच्या आत आला होता. दोन तिकिटे 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा मारून बंद झाली. एक तिकीट १४ मे रोजी तंत्रज्ञ सकाळी अकरा वाजता येऊन मोडेमचा अॅडाप्टर बदलून गेला त्यावर बंद झाले. म्हणजे सात तक्रारींत एकदाही, दोष दिसतो त्या वेळी, कोणी लाइन पाहिली नव्हती. वरिष्ठाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. हा हिशेब म्हणजेच तुमची खरी तक्रार असते, आणि त्यात कोणाचा अपमान नसल्यामुळे ती मान्य करायला त्याला जड जात नाही.

'ग्राहक उपलब्ध नाही' या शेऱ्याबद्दल थोडे वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यात आमचीही चूक होती. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमन दादांकडे होता. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन ते उचलत नसत, आणि उचलला तर "साहेब नाहीत" म्हणून ठेवून देत. मेल पाठवण्याआधी नोंदीतला क्रमांक बदलून घ्यावा, आणि मेलमध्येही 'या क्रमांकावर दुपारी एक ते पाच या वेळेत फोन उचलला जाईल' असे स्पष्ट लिहावे.

तिसरी चूक : आपल्याच हाताने तिकीट बंद करणे

१४ मेच्या तिकिटाची कथा याच प्रकारातली आहे. तंत्रज्ञ पाथर्डी फाट्याकडून दुचाकीवर आला, त्याने अॅडाप्टर बदलला, मोडेमचे दिवे हिरवे झाले आणि तो मालकांना म्हणाला, "काका, मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा, मला पुढे जायचंय." काकांनी ओटीपी सांगितला. त्या चार अंकांचा अर्थ 'माझी तक्रार दूर झाली' असा होता, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. काही कंपन्यांचे तंत्रज्ञ याच अंकांना 'हॅपी कोड' म्हणतात. दुपारी दोन वाजता लाइन पुन्हा गेली, तोवर कंपनीच्या नोंदीत ग्राहकाने स्वतः समाधान कळवले होते. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतिनिधीला पडद्यावर हेच दिसत राहिले.

दोष ठरावीक वेळीच दिसत असेल, तर ती वेळ उलटून लाइन टिकलेली पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नये. तंत्रज्ञाला घाई असते आणि त्यात त्याचा दोष नसतो, म्हणून त्याला नम्रपणे "दुपारी चारनंतर फोन करा, तेव्हा सांगतो" एवढेच म्हणावे. याच जातीच्या आणखी दोन गोष्टी आहेत. बऱ्याच ठिकाणी 'निवारण झाले' असा संदेश आल्यावर दोन-तीन दिवसांत तुम्ही उत्तर दिले नाही, तर तिकीट कायमचे बंद होते. त्या मुदतीत त्याच संदेशाला उत्तर देऊन 'दोष कायम आहे, तिकीट पुन्हा उघडावे' असे लिहावे. नवीन तिकीट काढू नये, कारण नव्या तिकिटाबरोबर जुना इतिहास जात नाही आणि प्रश्नांची मालिका पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरू होते. आम्ही सात वेळा नवीन तिकीट काढले, ही त्यातली चूक सरळसरळ माझी होती.

चौथी चूक : सगळ्यांना पाठवणे

कंपनीच्या संकेतस्थळावरून, जुन्या बिलांवरून आणि चक्क अंदाजाने बनवलेले अकरा पत्ते माझ्या पहिल्या मसुद्याच्या वर होते, शिवाय प्रतीसाठी दूरसंचार नियामक ट्रायचा पत्ता. अकरा जणांना गेलेला मेल अकरा जण एकमेकांकडे ढकलतात. ट्राय वैयक्तिक ग्राहकांच्या तक्रारी स्वतः हाताळत नाही, हे कंपनीतल्या माणसांना ठाऊक असते. त्यामुळे ती प्रत पाहून ते घाबरत नाहीत, उलट लिहिणाऱ्याला नियम माहीत नाहीत हे त्यांना कळते.

दूरसंचार सेवेसाठी २०१२ च्या नियमांनी दोन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली पायरी तक्रार केंद्राची, जिथे तुम्हाला क्रमांक मिळतो, आणि दुसरी कंपनीतल्याच अपिलीय प्राधिकरणाची. तक्रार केंद्राकडून निवारण झाले नाही किंवा जे झाले ते समाधानकारक वाटले नाही, तर ३० दिवसांच्या आत तिथे विनाशुल्क अपील करता येते, ते मेलनेही चालते, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे केंद्र सरकारच्या `CPGRAMS` पोर्टलवरून जाता येते. वरिष्ठ व्यवस्थापनाला लिहिलेला मेल हा या पायऱ्यांच्या बाहेरचा, विनंतीचा रस्ता आहे. तो बऱ्याचदा लवकर काम करतो, पण त्यामुळे अपिलाची मुदत थांबत नाही. मेलच्या उत्तराची वाट पाहता पाहता ३० दिवस निघून गेले, असे झालेले मी पाहिले आहे. (बँक असेल तर हिशेब वेगळा असतो : बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर मान्य नसले, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ऑनलाइन खरेदीच्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, आणि त्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण द्यावे असा २०२० चा नियम आहे.)

मी शेवटी मेल तिघांनाच पाठवला. मुख्य पत्ता कंपनीच्या राज्यपातळीवरील सेवा विभागाच्या प्रमुखांचा होता, प्रत नोडल अधिकाऱ्यांना आणि तक्रार केंद्राच्या नेहमीच्या पत्त्याला. नेहमीच्या पत्त्याला प्रत देण्याचे कारण एवढेच की मेल आपोआप तिकिटाशी जोडला जावा.

धमकीबद्दलही इथेच सांगतो. 'ग्राहक आयोगात खेचू' हे वाक्य लिहिण्याआधी आपण कायद्याच्या अर्थाने ग्राहक आहोत का ते पाहावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बसत नाही, त्याला अपवाद स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याचा आहे. कामगार ठेवून चालणाऱ्या कारखान्याच्या नावावरच्या व्यावसायिक जोडणीसाठी ही धमकी बहुधा पोकळ ठरते, आणि कंपनीच्या कायदा विभागाला ते एका नजरेत कळते. घरच्या जोडणीची गोष्ट निराळी आहे.

पाचवी चूक : 'योग्य ती कार्यवाही करावी'

हे वाक्य आपल्या सरकारी अर्जांतून आपल्या बोटांत इतके मुरले आहे की मेलच्या शेवटी ते आपोआप उमटते. पण योग्य कोणती हे समोरच्याने ठरवायचे म्हटले, की तो त्याला सोयीची ठरवतो, आणि सर्वांत सोयीची कार्यवाही म्हणजे प्रतिनिधीकडून आणखी एक फोन. त्याऐवजी हो किंवा नाही असे उत्तर देता येईल अशी नेमकी मागणी करावी. नुकसानभरपाईची मागणी त्याच मेलमध्ये घालू नये, कारण पैशांचा मुद्दा दिसला की मेल बिलिंग विभागाकडे जातो आणि दोषाचा मुद्दा मागे पडतो. लाइन सुरळीत झाल्यावर बंद काळाच्या भाड्याची वजावट वेगळ्या मेलने मागता येते आणि तेव्हा हाताशी वेळांची वहीही तयार असते.

पाठवलेला मेल पुढे देतो. प्रत्यक्षात तो इंग्रजीत होता, कारण वाचणारा पुण्यात बसला आहे की हैदराबादेत हे आपल्याला माहीत नसते. पण मजकुराचा क्रम आणि वजन हेच होते.

> विषय : ग्राहक क्र. (…) – ७ तिकिटे न सुटता बंद – दुपारी २ ते ४ या वेळेत तपासणीची विनंती
>
> महोदय,
>
> अंबड येथील आमच्या फायबर जोडणीवर दररोज दुपारी १.३० ते ४.३० या वेळेत सेवा खंडित होते. ४ ते २५ मे या काळात नोंदवलेली सात तिकिटे दोष कायम असताना बंद झाली आहेत. दोष दिसतो त्या वेळेत लाइनची तपासणी एकदाही झालेली नाही.
>
> आपल्याकडून तीन गोष्टींची विनंती आहे. १) प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे मीटर घेऊन तंत्रज्ञ दुपारी २ ते ४ या वेळेत यावा आणि त्याने खांबावरच्या पेटीत व आमच्या मोडेमपाशी, अशा दोन्ही ठिकाणी मोजमाप घ्यावे. २) दुरुस्तीनंतर सलग पाच दुपार सेवा न तुटता चालेपर्यंत तिकीट बंद करू नये. ३) तोवर या तक्रारीसाठी एका अधिकाऱ्याचे नाव व थेट क्रमांक मिळावा.
>
> १९ ते २६ मे या आठ दिवसांत सेवा ११८ वेळा तुटली. २२ मे रोजी, ढगाळ हवा व पाऊस असताना, ती तुटली नाही. मोडेमवरील आकडा सकाळी ९ वाजता उणे २१.८ व दुपारी २.४५ वाजता उणे २८.९ डीबीएम होता. वेळांची नोंद, दोन छायाचित्रे आणि सात तिकिटांचा तक्ता सोबत एकाच पीडीएफमध्ये जोडला आहे. मोडेम बंद-चालू करणे, अॅडाप्टर बदलणे, केबलने वेग तपासणे हे उपाय झालेले आहेत.
>
> ३० मे रोजी सायंकाळपर्यंत आपले उत्तर अपेक्षित आहे. न मिळाल्यास ३१ मे रोजी आम्ही याच कागदपत्रांसह अपिलीय प्राधिकरणाकडे अपील दाखल करू. संपर्क : (…), दुपारी १ ते ५.

हा मेल मोबाइलच्या पडद्यावर वाचला जाणार हे धरून पहिल्या परिच्छेदात सगळी तक्रार मावली पाहिजे. वरिष्ठ स्वतः तो पूर्ण वाचतो असेही नाही. बहुतेक ठिकाणी त्यांच्या टपालावर एक लहान गट बसलेला असतो, आणि त्या गटाला मागण्यांचा परिच्छेद जसाच्या तसा उचलून खाली आदेश म्हणून पाठवता आला तर त्यांचे काम सोपे होते. आमच्या बाबतीत तसेच घडले असावे, कारण तंत्रज्ञाच्या कामाच्या पर्चीवर 'दुपारी २ ते ४, दोन्ही ठिकाणी मोजमाप' हेच शब्द होते.

उत्तर आले तेव्हा

मेल २७ मे रोजी सकाळी गेला. तासाभरात 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आमचा चमू आपल्याशी संपर्क साधेल' असे उत्तर आले. इथे पुष्कळ लोक खवळून पुन्हा लांबलचक लिहितात. ती पोच आहे, तिला पोच म्हणूनच घ्यावे. मी त्याच धाग्यात एक ओळ लिहिली, 'पोच मिळाली, तीन विनंत्यांवरील उत्तराची ३० तारखेपर्यंत वाट पाहतो', आणि गप्प बसलो. विषयाची ओळ बदलली नाही आणि नवा मेलही सुरू केला नाही.

२९ मे रोजी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तंत्रज्ञ आला, तोच १४ मेचा. त्याने आधी खांबावरची पेटी उघडली. तिथे आकडा उणे १८.६ होता, म्हणजे कंपनीचा मुख्य मार्ग उत्तम स्थितीत होता. मग कार्यालयातल्या टोकाला मीटर लावला, तर उणे २९.१. दोष या दोघांच्या मधल्या साठेक मीटर तारेत होता. ती तार शेडच्या पत्र्याच्या कडेने गेली होती, आणि एप्रिलमध्ये गळके पत्रे बदलताना आमच्याच गवंड्याने ती एका लोखंडी पट्टीखाली दाबून स्क्रू मारला होता. दुपारच्या उन्हात पत्रा तापून ताणला की पट्टी तारेला चिमटा काढत होती आणि आतला प्रकाश गळत होता. ऊन उतरले की पकड सैल पडे. २२ तारखेला ऊनच नव्हते.

तंत्रज्ञ शिडीवरून खाली उतरून हसला. काका माझ्याकडे पाहत राहिले. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की 'आपल्या निकृष्ट उपकरणांमुळे' हे वाक्य असलेला मसुदा आपण पाठवला नाही हे फार बरे झाले. पाठवला असता तर कंपनीने दोष ग्राहकाच्या आवारातला, ग्राहकाच्याच माणसाने केलेला, असे लिहून तारेचे आणि फेरीचे पैसे लावले असते आणि त्यावर वाद घालायला आम्हाला तोंड उरले नसते. पाठवलेल्या मेलमध्ये कोणावरही आरोप नव्हता, फक्त वेळा आणि आकडे होते, आणि ते सगळे खरे ठरले होते. तिकिटे दोष न पाहताच बंद झाली ही तक्रारही तितकीच खरी राहिली. पत्रा कोणी ठोकला यामुळे ती खोटी ठरत नव्हती.

त्याने पट्टी काढली, दबलेला भाग कापून नवीन तुकडा जोडला आणि तार पत्र्यापासून दूर, भिंतीवरून नेली. मोडेमवरचा आकडा उणे १९.७ वर आला. मग त्याने नेहमीप्रमाणे मोबाइल पुढे केला. काका म्हणाले, "ओटीपी पाचव्या दिवशी, चार वाजल्यावर." तंत्रज्ञाने पर्चीवरची दुसरी अट वाचली, मान डोलावली आणि गाडीला किक मारली. तिकीट ३ जूनला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बंद झाले.